ईदच्या बॅनरवर कोणाचा चेहरा? जमात कमिटीसाठी एक टिपण

गेल्या रमजान ईदला आमच्या जमातीचा शुभेच्छा बॅनर नाक्यावर लागला. सहा फूट बाय चार फूट, निळं आकाश, चंद्रकोर, खाली समुद्र आणि समोर ओळीने उभे असलेले अकरा जण. बनवणारा मुलगा आमचाच जुना विद्यार्थी. त्याने सगळ्यांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवरून उचलले, एआयच्या ॲपमध्ये टाकले आणि "यांना ईदच्या कपड्यांत समुद्रकिनारी उभं कर" असं लिहिलं. दहा मिनिटांत बॅनर तयार. एक पैसा घेतला नाही त्याने, खिदमत म्हणून केलं. त्यामुळे आज जे लिहितो आहोत ते त्याच्यावर बोट दाखवायला नाही.

पण त्या बॅनरखाली दोन गोष्टी घडल्या. रापणीवर जाणाऱ्या आमच्या एका भावाची आई बाजारातून येताना थांबली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हो माजो झील न्हय!" तिचं खरं होतं. मुलाच्या भुवईवरचा लहानपणीचा व्रण गायब होता, उन्हाने रापलेला रंग उजळला होता, दाढी दाट झाली होती. खाली नाव मात्र त्याचंच.

दुसरी गोष्ट जास्त लागली. दहावीत चांगले मार्क मिळवलेल्या एका मुलीचा फोटो तिच्या वडिलांनी कौतुकाने दिला होता. मूळ फोटोत ओढणी डोक्यावर नीट होती. बॅनरवर ती खांद्यावर आली होती आणि केस मोकळे दिसत होते. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. पण मुलीला आधी कोणी विचारलंही नव्हतं, ना फोटोबद्दल, ना ॲपबद्दल. ती चार दिवस क्लासला आली नाही. बॅनर उतरवला, पण तोवर त्याचे फोटो किती मोबाईलमध्ये गेले ते कोण मोजणार?

त्यानंतर कमिटीच्या बैठकीत ठरलं की मिलादचा बॅनर करण्याआधी नियम लिहून ठेवायचे. "सर, तुम्ही मराठीत लिहा, उर्दूतही करून द्या," असं सदर साहेब म्हणाले. ते टिपण कमिटीला दिलं. इतर गावच्या जमातींनाही उपयोग होईल म्हणून त्यातला मतलब इथे सविस्तर मांडतो आहोत.

ॲप फोटो चिकटवत नाही, चेहरा नव्याने काढतं

बहुतेकांचा समज असा की ॲप आपला फोटो कापतं आणि नव्या पार्श्वभूमीवर चिकटवतं. पूर्वीचा फोटोग्राफर तसंच करायचा. चित्र बनवणारं एआय तसं करत नाही. ते तुमचा फोटो बघतं, त्यातून माणसाबद्दल एक अंदाज बांधतं आणि त्या अंदाजावरून पूर्ण चित्र पहिल्या ठिपक्यापासून नवं काढतं. म्हणजे बॅनरवरचा चेहरा हा फोटो नसतो. तो तुमच्यासारख्या दिसणाऱ्या माणसाचं चित्र असतं. जिथे माहिती कमी पडते तिथे ॲप लाखो इतर चित्रांत जे सर्रास दिसलं ते भरतं. व्रण सर्रास नसतो म्हणून तो जातो. "ईदच्या कपड्यांतली मुलगी" म्हटल्यावर त्याने पाहिलेल्या चित्रांत मोकळे केस जास्त असतील, तर तेच येतात.

माहिती कमी का पडते, ते आमच्याच बॅनरच्या हिशेबाने सांगतो. ॲपने दिलेलं चित्र 1536 ठिपके रुंद आणि 1024 ठिपके उंच होतं. त्या रुंदीत अकरा माणसं उभी केली की एकेकाला जेमतेम 140 ठिपके मिळतात. त्यात चेहऱ्याच्या वाट्याला साठ-सत्तर, आणि एका डोळ्याला दहा-बारा. दहा-बारा ठिपक्यांत कोणाचे डोळे ओळखू येतील? ते ॲपने मनाने भरले.

पुढे हे चित्र सहा फुटांवर, म्हणजे 72 इंचांवर ताणलं. 1536 ला 72 ने भागलं तर इंचाला 21 ठिपके येतात. फ्लेक्स जरा लांबून बघायचा असतो, तरी साधारण सत्तर ठिपके असले तर चेहरा स्वच्छ दिसतो. चित्र फुटतंय हे पाहून मुलाने ते "क्वालिटी वाढवा" म्हणणाऱ्या दुसऱ्या ॲपमधून काढलं. तिथे चेहरे दुसऱ्यांदा बदलले. कारण ठिपके वाढवणारं हे ॲपसुद्धा मधले ठिपके अंदाजाने भरतं. ही जागा लक्षात ठेवा. पुष्कळ जण म्हणतात, "आम्ही एआयने बॅनर बनवला नाही, फक्त फोटो क्लिअर केला." क्लिअर करणाऱ्या बटणामागेही बहुधा तेच असतं.

बदल झाला की नाही हे कसं ओळखायचं? मूळ फोटो आणि बॅनर मोबाईलवर शेजारी ठेवून मोठे करा. मग कान, दात, केसांची सुरुवात, तीळ-व्रण, चष्म्याची काडी आणि टोपी-ओढणीची कड बघा. एकूण चेहरा सारखा वाटतो, पण या बारीक जागी फरक सापडतो. आणि ज्याचा फोटो आहे त्याला किंवा त्याच्या आईला दाखवा. त्यापेक्षा पक्की तपासणी नाही.

छापायची इजाजत वेगळी, ॲपमध्ये टाकायची वेगळी

आमच्या टिपणाचा कणा हा एवढाच आहे. कोणी म्हणालं, "माझा फोटो बॅनरवर लावा," तर त्याने आहे तसा फोटो लावायची इजाजत दिली. त्यावरून नवं चित्र घडवायची दिली नाही, आणि तो फोटो एखाद्या कंपनीच्या ॲपमध्ये पाठवायचीही दिली नाही. या निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्या निरनिराळ्या विचारायला हव्यात.

ॲपमध्ये पाठवण्याचा अर्थ काय? फोटो आपल्या मोबाईलवरून निघून कंपनीच्या संगणकावर जातो. काही सेवा अशा आलेल्या मजकुराचा आणि चित्रांचा उपयोग आपलं एआय पुढे शिकवण्यासाठी करतात, आणि तो थांबवायचा तर सेटिंग आपण बदलावं लागतं. उदाहरणार्थ, चॅटजीपीटीच्या साध्या खात्यात Settings मधल्या Data controls खाली Improve the model for everyone हा पर्याय असतो, तो बंद करावा लागतो. आमच्या मुलाला हे माहीत नव्हतं. आम्हालाही नंतरच कळलं. एकदा शिकवण्यात वापरलेलं चित्र आपण खात्यातून पुसलं म्हणून त्या शिकण्यातून निघून येत नाही.

एका कामासाठी दिलेला फोटो कुठे पोचू शकतो याचं मोठं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गावच्या ओळखीच्या फोटोग्राफरने एका महिलेचा फोटो काढला आणि फोटो विकणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय वेबसाइटवर टाकला. तिथून तो महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटक आणि ओडिशा सरकारांच्या जाहिरातींत वापरला गेला, अशी त्या महिलेची तक्रार. तिला कोणी विचारलं नव्हतं. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गिरीश कुलकर्णी आणि न्या. अद्वैत सेठना यांच्यासमोर हे प्रकरण आलं. न्यायालयाने बाब गंभीर असल्याचं म्हटलं आणि संबंधितांना उत्तर द्यायला सांगितलं. फोटो काढू दिला म्हणजे जाहिरातीला होकार दिला, असं त्या महिलेला वाटलं नव्हतं. आपल्या ग्रुपवर फोटो टाकणाऱ्यालाही असं वाटत नसतं.

हीच गोष्ट पुढाऱ्यांच्या बॅनरची. ईदच्या शुभेच्छांसाठी दिलेला फोटो पुढच्या महिन्यात एखाद्या नेत्याच्या स्वागताच्या बॅनरवर दिसतो, कारण फोटो कमिटीच्या फोनमध्ये असतोच. त्या माणसाचं त्या पक्षाशी काही देणंघेणं नसतं, किंवा तो सरकारी नोकरीत असतो आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. म्हणून इजाजत सणापुरती. दुसऱ्या कामाला दुसरी इजाजत.

"ग्रुपवर टाकला म्हणजे दिलाच ना?"

बैठकीत हा प्रश्न एका बुजुर्गांनी विचारला आणि तो रास्त आहे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा याबाबत काय म्हणतो ते पाहू. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होणार आहेत. एखाद्या व्यक्तीने निव्वळ घरगुती कामासाठी वापरलेली माहिती या कायद्याच्या बाहेर आहे. माणसाने स्वतःच सर्वांसाठी जाहीर केलेली माहितीही बाहेर आहे. पण जमातीची कमिटी म्हणजे घर नव्हे, आणि सभासदांचा बंद ग्रुप म्हणजे जाहीर चौक नव्हे. ग्रुपवर फोटो टाकणारा तो सभासदांना दाखवतो.

याच कायद्यात संमती कशी असावी तेही आहे. ती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामासाठीची आणि समजून दिलेली असावी. जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती परत घेता यावी. माहिती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मागता येते, आणि त्या यादीत मराठी आहे तशी उर्दूही आहे. 18 वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी आई-वडिलांची खात्रीशीर संमती लागते. मे 2027 ची वाट बघायची गरज नाही. चांगली कमिटी हे आजच करू शकते, खर्च एका वहीचा.

बायका आणि मुली: सही तिचीच

यावर बैठकीत सर्वांत जास्त वेळ गेला. काहींचं म्हणणं होतं की वडिलांनी किंवा शोहरने हो म्हटलं की पुरे. आम्ही लिहिलं आहे की पुरे नाही. प्रौढ बाईच्या फोटोसाठी तिची स्वतःची इजाजत हवी. मुलगी 18 च्या खाली असेल तर आई-वडिलांची हवी आणि तिलाही विचारायला हवं. दोघांपैकी एकाचं "नको" असलं तर फोटो लागणार नाही.

यामागे नुसता संकोच नाही. जुलै 2021 मध्ये "सुल्ली डील्स" आणि 1 जानेवारी 2022 ला "बुल्ली बाई" या नावाने मुस्लिम महिलांचे फोटो त्यांना न विचारता एका ॲपवर लावून त्यांचा "लिलाव" मांडला गेला. फोटो सोशल मीडियावरून उचललेले होते. दुसऱ्या प्रकरणात मुंबईच्या सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि बंगळुरू व उत्तराखंडातून तरुण मुलामुलींना अटक केली. आज अशा फोटोवरून हवं ते चित्र मिनिटात घडवता येतं. नाव आणि गावासह स्वच्छ चेहरा सगळीकडे पाठवायच्या बॅनरवर टाकताना कमिटीने हे विसरू नये. ज्या बाईला हे माहीत असूनही आपला फोटो हवा असेल, तिचा तो हक्क आहे. कमिटीने तिच्या वतीने "नको" म्हणायचं नाही, तसंच "हो"ही म्हणायचं नाही.

काही घरांत माणसांचे फोटो लावतच नाहीत. त्यांचा नकार कारण न विचारता मान्य करायचा. नाव लिहिलं तरी शुभेच्छा पोचतात.

मग बॅनर करायचा कसा?

एआय नकोच, असं आम्ही म्हटलेलं नाही. त्याला पार्श्वभूमी काढू द्या, चेहरे आणि अक्षरं देऊ नका. तोच बॅनर आम्ही त्या मुलाला बसवून पुन्हा करून घेतला. तो असा.

पहिल्यांदा ॲपला एकही फोटो न देता लिहिलं: "मालवणच्या किनाऱ्यावरची संध्याकाळ, दूर समुद्रात होड्या, आकाशात बारीक चंद्रकोर, खालचा अर्धा भाग मोकळा, माणूस नको, अक्षर नको." आलेलं चित्र ठिपके वाढवणाऱ्या ॲपमधून मोठं केलं. आता त्यात चेहरा नव्हता, त्यामुळे एखादी लाट चुकीची आली तरी कोणाची आई रडणार नव्हती.

मग बॅनर मांडायच्या साध्या ॲपमध्ये 5184 बाय 3456 ठिपक्यांचं पान घेतलं. हा 72 बाय 48 इंचांचा हिशेब, इंचाला 72 ठिपके. पार्श्वभूमी खाली ठेवली आणि तिच्यावर अकरा गोल चौकटींत मूळ फोटो बसवले. कापणं आणि उजेड थोडा कमी-जास्त करणं, एवढीच मुभा. "ब्युटी", "रिटच", "एन्हान्स" लिहिलेल्या बटणांना हात लावायचा नाही.

फोटो कुठून घ्यायचा यालाही महत्त्व आहे. डीपीवरून घेऊ नका, तो फार लहान असतो. फोनने काढलेला मूळ फोटो साधारण 3000 बाय 4000 ठिपक्यांचा असतो. त्यातला चेहरा कापला तरी आठशेएक ठिपके राहतात आणि आठ इंचांच्या गोलात इंचाला शंभर मिळतात. आधी चेहऱ्याला साठ-सत्तर मिळत होते, ते आठवा. मूळ फोटो व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून मागवला तर लहान होत नाही. मात्र अशा फायलीत फोटो कुठे काढला त्या जागेची नोंदही राहू शकते. म्हणून काम झाल्यावर ती फाइल पुढे कोणाला पाठवायची नाही, पुसून टाकायची.

शेवटी अक्षरं. एआयने काढलेल्या उर्दूत नुक्ते इकडचे तिकडे होऊ शकतात, जोडाक्षरं तुटू शकतात. मराठीत "शुभेच्छा"मधलं "च्छ" बिघडू शकतं. आयत किंवा दरूद अशा चित्रात येऊ देणं तर मुळीच बरं नाही, एक नुक्ता हलला की शब्द बदलतो. म्हणून सगळा मजकूर फॉन्टमध्ये टाइप करायचा. टाइप केल्यावर उर्दू अक्षरं सुटी किंवा उलट्या क्रमाने दिसली, तर ते ॲप उजवीकडून डावीकडे लिहिणं जाणत नाही, दुसरं घ्या. छापण्याआधी उर्दू जाणणाऱ्या एकाने वाचून सही करायची.

या सगळ्याला दहा मिनिटांऐवजी दीड तास लागला. बॅनरवर अकरा ओळखीची माणसं दिसली.

इजाजतची वही

फॉर्म लांबलचक असला की कोणी वाचत नाही. म्हणून वहीच्या एका पानावर मराठी आणि उर्दूत चारच प्रश्न ठेवले:

1. माझा फोटो आहे तसा, छापील बॅनरवर: हो / नको
2. माझा फोटो आहे तसा, मोबाईलवर पाठवायच्या बॅनरवर: हो / नको
3. माझा फोटो एआयच्या ॲपमध्ये टाकून चित्र बनवणं: हो / नको
4. कधीपर्यंत: हाच सण / एक वर्ष

खाली नाव, तारीख, सही. मुलांच्या पानावर तिसरा प्रश्नच छापलेला नाही, कारण मुलांचे फोटो ॲपमध्ये टाकायचे नाहीत असं कमिटीनेच ठरवावं, अशी आमची सूचना आहे. मरहूम व्यक्तीचा फोटो घरच्यांच्या सहीने, आहे तसाच. त्यांना हसतं, तरुण किंवा हलतं-बोलतं करायचं नाही. एखाद्या मरहूम वडिलांचा नवा, खोटा चेहरा त्यांच्या मुलांसमोर उभा करण्याचा हक्क कमिटीला कोणी दिला?

छापण्याआधी तयार बॅनर प्रत्येकाला एकट्याला पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. उत्तर आलं नाही तर फोटो काढायचा, गप्प राहणं म्हणजे हो नव्हे. "अकरा जणांना विचारत बसलो तर ईद निघून जाईल," असं एक जण म्हणाले. म्हणूनच वही सणाच्या तोंडावर नाही, जून-जुलैत भरायची. त्या दोन महिन्यांत मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्याला असतात. एरवी खलाशी समुद्रात असतो आणि त्याच्या वतीने कोणीतरी "हो, टाका" म्हणून टाकतं. आखातात असलेल्यांनी स्वतःच्या आवाजात व्हॉइस मेसेज पाठवला तर चालेल. तो जपून ठेवायचा आणि वहीत तारीख लिहायची.

कोणी तिसऱ्या प्रश्नाला "हो" लिहिलं आणि त्याचं एआय चित्र वापरलं, तर बॅनरच्या कोपऱ्यात "चित्र एआयने बनवलेले" असं लिहायचं. फेब्रुवारी 2026 पासून लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांनी अशा चित्रांवर तशी खूण दाखवायची आहे आणि टाकणाऱ्याला ते विचारायचं आहे. तिथे आपण खोटं उत्तर देऊ नये.

जे या नियमांनी थांबणार नाही

नियमांची हद्दही टिपणात लिहिली आहे. कोणी नंतर इजाजत परत घेतली तर कमिटी फ्लेक्सवरचा फोटो झाकेल किंवा फ्लेक्स उतरवेल, आपल्या ग्रुपवरचं चित्र पुसेल आणि पुढे वापरणार नाही. पण लोकांच्या मोबाईलमध्ये गेलेलं परत आणता येत नाही, आणि हे सही घेतानाच सांगायचं. म्हणूनच पहिला आणि दुसरा प्रश्न वेगळे ठेवले. नाक्यावरचा फ्लेक्स आठ दिवसांनी उतरतो, मोबाईलवरचा उतरत नाही.

बाहेरच्या कोणी आपल्या बॅनरवरचा चेहरा उचलून वाईट चित्र बनवलं तर ग्रुपवर त्याची चर्चा करत बसू नये आणि ते चित्र "बघा काय केलंय" म्हणून पुढे पाठवू नये. लिंक आणि वेळेसह स्क्रीनशॉट ठेवावा आणि पोलीस ठाण्यात किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करावी. तक्रार कोण करेल, ते एका जिम्मेदार माणसाचं नाव वहीच्या पहिल्या पानावर आधीच लिहिलेलं असावं. बाईची तक्रार असेल तर सोबत जायला एका बाईचंही नाव हवं. आमच्या कमिटीत आजवर एकही बाई नाही. हे लिहिताना पहिल्यांदा ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

कमिटीने टिपण मान्य केलं आहे, फक्त मुलींच्या सहीचा मुद्दा पुढच्या बैठकीत पुन्हा येणार आहे. वही तयार आहे. पहिल्या पानावर त्या दहावीच्या मुलीने स्वतःच्या हाताने चार उत्तरं लिहिली. पहिल्याला "हो", दुसऱ्याला "नको", चौथ्याला "हाच सण". वय 16, म्हणून खाली आई-वडिलांच्याही सह्या आहेत. तिसरा प्रश्न मुलांच्या पानावर नव्हता. तिने तो स्वतः लिहिला आणि पुढे लिहिलं, "नको".